पर्स्पेक्टिव्हला 'दृष्टिकोन' म्हणावं का?

"बॅलन्स्ड स्कोरकार्डच्या चार पर्स्पेक्टिव्हना मराठीत काय लिहू? मी 'दृष्टिकोन' लिहिलंय पण 'अंतर्गत प्रक्रिया दृष्टिकोन' वाचताना दाताखाली खडा येतो. परीक्षा मॅनेजमेंट कंट्रोलची आहे."

खडा येणारच, कारण घोळ मूळ शब्दातच आहे. धंदा नुसत्या पैशावर न मोजता चार बाजूंनी मोजायचा, ही बॅलन्स्ड स्कोरकार्डची कल्पना कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ साली मांडली तेव्हा प्रत्येक पर्स्पेक्टिव्हला एक प्रश्न जोडला होता. गिऱ्हाईक आपल्याकडे कसं बघतं, भागधारकांना आपण कसे दिसतो, हे दोन प्रश्न खरोखरच कुणाच्या तरी नजरेचे आहेत, तिथे दृष्टिकोन चालतो. पण उरलेले दोन, म्हणजे आपण कशात तरबेज असायला हवं आणि आपण सुधारत राहू शकतो का, यात बघणारं दुसरं कुणी नाहीच, आपणच आपल्या घरात डोकावतोय. म्हणून मी फोंड्यात शिकवणीच्या पोरांना चारहींसाठी 'अंग' लिहायला सांगतो: आर्थिक अंग, ग्राहक अंग, अंतर्गत प्रक्रियांचं अंग, शिकण्या-वाढण्याचं अंग. अंग म्हटलं की ते एकाच शरीराचं, एक दुखलं तर दुसऱ्याला कळ जाते, आणि इथे नेमकं तेच हवंय. (बॅलन्स्डला 'समतोल' म्हण, ताळेबंदाशी त्याचा संबंध नाही. स्कोरकार्ड तसंच ठेव, 'गुणपत्रक' लिहिलंस तर दहावीचा निकाल आठवतो.)

आता ती कळ कशी जाते ते बघ. कळंगुटला माझ्या मावसभावाचं १२ खोल्यांचं गेस्टहाऊस आहे. त्याने कुठूनतरी बघून चार चौकोन भरले होते, खोल्यांचं उत्पन्न, ऑनलाइन रेटिंग, लाँड्रीचा खर्च आणि स्टाफच्या ट्रेनिंगचे तास. दिसायला पक्कं स्कोरकार्ड, पण एका चौकोनाचा दुसऱ्याशी बोलाचालीचासुद्धा संबंध नाही! ट्रेनिंगचे तास वाढले तर रेटिंग का वाढावं, हे त्यालाच सांगता येईना.

मग आम्ही रिव्ह्यू वाचत बसलो. चेक-इन १ वाजताचं असून खोली तयार नसते, बॅगा घेऊन रिसेप्शनला ताटकळत बसावं लागतं, ही तक्रार परत परत होती. मग मापं त्या धाग्यावर ओवली. तासांऐवजी, ५ जणांपैकी किती जण एकट्याने खोली पूर्ण लावू शकतात, हे शिकण्याचं माप. सकाळी रिकाम्या झालेल्या दर १० खोल्यांपैकी १ वाजेपर्यंत किती तयार होतात, हे प्रक्रियेचं. थांबावं लागलेले पाहुणे किती, हे ग्राहकाचं. आणि पैशाच्या अंगाला थेट फोन करून येणाऱ्या बुकिंगचा वाटा, कारण खूश झालेला पाहुणा पुढच्या वेळी थेट फोन करतो आणि वेबसाइटचं कमिशन वाचतं.

गंमत पुढे झाली. खोली लावता येणारे २ चे ४ झाले, तरी तयार खोल्या १० पैकी ७ वरच अडकल्या. कारणाचं माप हललं पण परिणामाचं हललं नाही तर दोनच शक्यता, एकतर अजून वेळ जायला हवा किंवा आपण मानलेलं कारण चुकीचं आहे. इथे थांबण्यात अर्थ नव्हता, कारण खोली लावायला शिकलेला माणूस त्याच दिवशी कामाला लागतो. शोधलं तर चादरी बाहेरच्या लाँड्रीतून दीड वाजता यायच्या, मग माणसं कितीही शिकलेली असोत, चादरीशिवाय पलंग कसा लागणार? चादरींचा एक जादा सेट घेतला, आकडा ९ वर गेला. नुसतं उत्पन्न बघत बसलो असतो तर हे सीझन संपल्यावरसुद्धा कळलं नसतं.

परीक्षेत यालाच आघाडीची आणि पिछाडीची मापं म्हणतात, आधी हलतं ते आघाडीचं, त्याच्या परिणामाने मागून हलतं ते पिछाडीचं. इथे खोली तयार असणं हे आघाडीचं, बुकिंगचा वाटा पिछाडीचं. अंग आणि माप मात्र एक समजू नकोस, प्रत्येक अंगात दोन्ही जातींची मापं असू शकतात, पोरं इथे हमखास मार्क घालवतात.

आणि आपल्या गोव्यात एक जास्तीची काळजी. डिसेंबरचं बुकिंग जुलैशी ताडून बघितलं तर काहीही सिद्ध होतं, चवथीला अर्धा स्टाफ गावी असतो तेव्हाचे आकडे तर सोडूनच दे. डिसेंबर डिसेंबरशीच ताडायचा, म्हणजे आर्थिक अंगाचा निकाल वर्षभर हातात येत नाही. भावाचाही अजून आलेला नाही, तो सध्या रोज १ वाजता खोल्या मोजतोय.