घासलेल्या नाण्याची कड काय सांगते?

प्रश्न : चांदीचं नाणं आहे. व्यास 37 मिलिमीटर, वजन 24.6 ग्रॅम. एका बाजूला डावीकडे पाहणारा दाढीवाला चेहरा, दुसऱ्या बाजूला ढालीसारखा आकार. लेख पार पुसलाय. कडेवर टी, ई, जी, ई आणि मग एल, ए एवढीच रोमन अक्षरं लागतात. देश कोणता?

व्यास आणि वजन पाहता हे 5 फ्रँकच्या मापाचं नाणं आहे. मूळ वजन 25 ग्रॅम असतं, त्यामुळे तुमच्या नाण्यातली घट झिजेला साजेशी आहे. पण माप देश सांगत नाही. फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी 1865 मध्ये करार करून चांदीच्या मोठ्या नाण्याचं हेच माप सामाईक ठेवलं होतं.

कडेवरचा तुकडा ‘प्रोतेज ला’चा आहे. त्यामुळे इटली बाद होतं, कारण त्या काळच्या तिथल्या 5 लिऱ्यावर ‘फर्ट’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. दाढीवाला चेहरा पाहता स्वित्झर्लंडही बाद. उरतात दोन देश, आणि शेवटचा शब्द सोडला तर दोघांचं वाक्य अगदी सारखं आहे : ‘देव फ्रान्सचं रक्षण करो’ आणि ‘देव बेल्जियमचं रक्षण करो’. म्हणून सगळा जोर ‘ला’च्या पुढच्या शब्दावर द्या. रोमन लिपीत फ्रान्सची अक्षरं सहा, बेल्जियमच्या फ्रेंच नावाची आठ. पहिलं अक्षर एफ असेल तर फक्त सरळ रेघा दिसतील, बी असेल तर उजवीकडे दोन फुगे. एवढा फरक झिजलेल्या कडेवरही अनेकदा टिकतो.

तोही गेला असेल तर दोन्ही बाजूंना, विशेषतः मानेखाली आणि तळाशी, भिंगातून पाहा. तिसऱ्या नेपोलियनच्या नाण्यावर टांकसाळीचं अक्षर आणि त्याच्या सोबतीला बारीक चिन्हं असतात. बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्डच्या 5 फ्रँकवर असं अक्षर नसतं. समजा, तुम्हाला ए आणि मधमाशी सापडली. मधमाशी ही पॅरिस टांकसाळीच्या संचालकाची 1860 ते 1879 मधली खूण, आणि सम्राट 1870 मध्ये पदच्युत झाला. म्हणजे नाणं त्याच्या डोक्यावर लॉरेल पानांची माळ असलेल्या चेहऱ्याच्या, 1861 ते 1870 या काळातल्या प्रकाराचं. तारखेचा एकही आकडा न वाचता दहा वर्षांपर्यंत पोचता आलं. दाढीवर मात्र शेवटी जा : लिओपोल्डची भरघोस, नेपोलियनची टोकदार, पण झिजल्यावर दोन्ही सारख्याच दिसू शकतात.

प्रश्न : कडेची अक्षरं बोटाला लागतात, पण डोळ्याला दिसत नाहीत. कशी वाचायची?

नाणं घासू किंवा धुऊ नका. आधी एकाच बाजूने, कडेला जवळजवळ समांतर असा प्रकाश टाका आणि नाणं हळूहळू फिरवा. अक्षर उठावाचं असेल तर पातळ कागद कडेवर ताणून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की ते काळं उमटतं. कोरलेलं असेल तर पांढरं राहतं. दुसरा मार्ग मऊ प्लॅस्टिसिनवर नाणं एक पूर्ण फेरा लोळवण्याचा. ठसा उलटा येतो, त्यामुळे फोटो आरशासारखा पलटवून वाचा. पालथं घालूनही वाचून पाहा, कारण जुन्या नाण्यांत कडेचा लेख कुठल्याही बाजूच्या दिशेने असू शकतो.

कडेवर दोन-तीन बारीक उभ्या रेषा दिसल्या तर त्यांना ओरखडे समजू नका. तीन तुकड्यांच्या कड्यात दाबून पाडलेल्या नाण्यावर सांध्यांच्या अशा रेषा राहतात.

प्रश्न : नाण्यावर नुसतं ए आहे. पॅरिस धरायचं की बर्लिन?

पॅरिस, बर्लिन आणि एके काळी व्हिएन्ना, तिघांनीही हेच अक्षर वापरलं. शेजारी पाहा. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच नाण्यावर अक्षराबरोबर संचालकाची आणि खोदकाराची खूण सहसा असते. जर्मन साम्राज्याच्या नाण्यावर अक्षर एकटंच असतं. मोठं नाणं असेल तर माप पुरे : जर्मन 5 मार्क 38 मिलिमीटर आणि 27.8 ग्रॅम, कडेवर ‘गॉट मिट उन्स’.

प्रश्न : 30 मिलिमीटरचं ब्राँझचं नाणं, मागे पानांची माळ, तळाशी ए. म्हणजे फ्रेंच 10 सेंटिम नक्की ना?

नक्की नाही. मिंट मार्क, म्हणजे टांकसाळीचं अक्षर, फक्त टांकसाळ सांगतो, देश नव्हे. ग्रीसचं 1882 चं 10 लेप्टा पॅरिसमध्येच पाडलं गेलं. त्यावरही ए आहे, व्यास तोच, वजनही तेच 10 ग्रॅम, आणि मागे माळ. त्याआधीचे ग्रीक 10 लेप्टा स्ट्रासबर्गमध्ये बीबी आणि बोर्दोत के या अक्षरांनी पाडले गेले. कड दोन्हीकडे कोरी, त्यामुळे इथे कडेचा उपयोग नाही.

मानेच्या मागे पाहा. फ्रेंच नाण्यावर सेरेस देवी आहे, तिच्या केसांचा अंबाडा बाह्यरेषेत फुगीर उठून दिसतो. ग्रीक नाण्यावरच्या राजा जॉर्जचे केस आखूड, मान सरळ उतरते. माळेच्या आतही तिरपा प्रकाश टाका : ग्रीक नाण्यावर 10 च्या वर एक लांब शब्द असतो, त्याची छाया राहिली असेल तर निकाल लागला.