रापणकराचा ओळंबा

किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसाची दोन चित्रं मुलांनी आणली. एकाचं माप अचूक, पण माणूस ओढतोय असं वाटत नाही. दुसऱ्याचे हात लांब झालेत, पण चित्र जिवंत आहे. कुणाला पुढे ठेवू? (कलाशिक्षिका, मालवण)

दुसऱ्याला. का, ते तुम्ही पाठवलेल्या फोटोंवर पट्टी ठेवली की दिसतं. गळ्याच्या खाचेतून सरळ खाली ओळंब्याची रेघ सोडा. एका पायावर भार देऊन स्वस्थ उभा राहिलेला माणूस असेल, तर रेघ त्याच पायापाशी उतरते. रापणकर मात्र मागे रेललेला असतो, त्याला दोराने तोलून धरलेलं असतं. त्याची रेघ टाचांच्या मागे, वाळूत पडायला हवी. पहिल्या चित्रात ती बरोबर दोन पावलांच्या मध्ये पडते. म्हणजे मुलाने आधी सरळ माणूस उभा केला आणि मग हातात दोर दिला. डोक्याच्या साडेसात पट उंची त्याने चोख मोजली, पण दोर सोडला तरी हा माणूस पडणार नाही!

दुसऱ्याच्या हातांचे गुण लगेच कापू नका. ओढताना खांदा पुढे येतो, म्हणून हात लांब भासतो. खांदा ते कोपर आणि कोपर ते मूठ ही अंतरं साधारण सारखी असतात, हात चित्रात सपाट बाजूने दिसत असेल तर. इथे पुढचा भाग जवळजवळ दीडपट झालाय, तेव्हा चूक आहेच. पण ती पाच मिनिटांत सुधारते. पहिल्याला कागद नवा घ्यावा लागेल.

झरझर काढलेली रेघ म्हणजेच आत्मविश्वासाची रेघ का? (विद्यार्थी, देवगड)

नाही. भरभर मारलेल्या तुटक, केसाळ रेघा ही बहुतेक वेळा भीतीच असते. एका पोटरीसाठी दहा तुकडे, म्हणजे कडा कुठे आहे ते ठरलेलं नाही. ठाम रेघ सावकाशही निघते. ती कुठून निघून कुठे पोचणार हे हाताला आधी ठाऊक असतं, आणि भार असतो तिथे, उदाहरणार्थ टाचेखाली, ती दाबली जाते. मनगट टेकवून छोट्या रेघा काढत असाल तर खांद्यापासून हात हलवून बघा. आणि चुकलेली रेघ खोडू नका, शेजारी दुसरी काढा. तपासणाऱ्याला दोन्ही दिसल्या तर तुम्ही कुठे दुरुस्ती केली ते कळतं. (खोडून खोडून काळवंडलेला कागद मला तरी बघवत नाही.)

माझ्या आकृत्यांचं डोकं नेहमी मोठं आणि पाय आखूड होतात. (वेंगुर्ला)

कागद टेबलावर आडवा ठेवून काढता का? मग वरची कड डोळ्यांपासून लांब जाते, डोकं तिथे लहान दिसतं आणि हात नकळत ते वाढवतो. बोर्ड उभा करा. तरीही पाय आखूडच राहिले, तर पावलांची जागा आधी खूण करून ठेवा आणि मध्य जांघेपाशी येतो का बघा.