मिरजेचा बायोडाटा इंग्लंडला पाठवताना

"ताई, मी मिरजेत आयसीयूला स्टाफ नर्स आहे, जीएनएम झालंय, चार वर्षं झाली. सीबीटी पास आहे, आयईएलटीएसही झालं. इंग्लंडला अर्ज करायचाय. माझा मराठी बायोडाटा आहे, तोच इंग्रजीत करून पाठवला तर चालेल का? वैयक्तिक माहिती आणि उद्दिष्ट, या दोन भागांत काय ठेवू, काय काढू?"

तसाच उतरवून पाठवू नकोस. आपल्याकडचा नोकरीचा बायोडाटा लग्नाच्या बायोडाट्याचाच भाऊ असतो, फक्त रास-नाडी तेवढी नसते. जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, पतीचा व्यवसाय, उंची, फोटो हे सगळं काढ. वय, धर्म, वंश, लग्न, गरोदरपण अशा कारणांवरून नोकरीत भेदभाव करायला तिथे २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टनं बंदी आहे. त्यामुळे निवड करणाऱ्यांना ही माहिती मुळात समोरच नको असते. तळाची 'वरील माहिती खरी आहे' ही ओळ, ठिकाण, दिनांक, सही हेही जाऊ दे.

पत्ता 'मु. पो., ता. मिरज' असा पूर्ण द्यायची गरज नाही. मिरज, महाराष्ट्र, भारत एवढं पुरे. मोबाइल नंबराच्या सुरुवातीचा शून्य काढून +91 लाव.

सगळ्यात जास्त वेळ नावाला दे, कारण आपल्या बायकांचं घोडं तिथेच अडतं. आपल्या फॉर्मवर आडनाव आधी, मग नाव, मग पतीचं नाव. तसंच लिहिलंस तर तिकडची माणसं आडनावालाच तुझं नाव समजतील आणि पतीचं नाव आडनाव म्हणून नोंदवतील. पासपोर्ट उघड आणि त्यात Given Name आणि Surname या रकान्यांत जे आहे, ते आधी Given Name, मग Surname अशा क्रमानं, पासपोर्टच्याच स्पेलिंगनं सीव्हीच्या माथ्यावर लिही. आता जीएनएमचं प्रमाणपत्र आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावावर असेल, तर नोंदणीच्या ओळीत 'पूर्वीचं नाव' म्हणून तेही दे. नुसतं आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला दुवा ठरतो. सासरी पहिलं नावही बदललं असेल, तर त्या दाखल्यात दोन्ही नावं दिसतात का ते आधी बघ. दिसत नसतील तर राजपत्रात नावबदल करून घ्यायचं काम आत्ताच सुरू कर. नंतर ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलकडे, म्हणजे एनएमसीकडे, कागदपत्रं जुळवताना हेच आडवं येतं.

आता उद्दिष्ट. 'नामांकित संस्थेत काम करून माझ्या ज्ञानाचा संस्थेच्या प्रगतीसाठी उपयोग करणे', असंच काहीसं असेल ना तुझं? सांगलीपासून साताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या बायोडाट्यात हेच वाक्य सापडतं, आणि त्यातून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. त्या जागी तीन-चार ओळींची ओळख येते, तिला तिथे 'पर्सनल स्टेटमेंट' म्हणतात. त्यात तुला काय हवंय ते नाही, तू काय करतेस ते लिहायचं.

आधी स्वतःला विचार: आयसीयू किती खाटांचं? एका पाळीत तुझ्याकडे पेशंट किती? व्हेंटिलेटरवरचे सांभाळतेस का? सक्शन, आर्टिरियल लाइन, इन्फ्युजन पंप, यांतलं स्वतःच्या हातानं काय करतेस? उत्तरांतून असं काहीतरी उभं राहील: 'दहा खाटांच्या आयसीयूमध्ये चार वर्षं स्टाफ नर्स. प्रत्येक पाळीत व्हेंटिलेटरवरच्या दोन पेशंटची जबाबदारी. सक्शन, इन्फ्युजन पंप, तासातासाच्या नोंदी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. सीबीटी व आयईएलटीएस उत्तीर्ण, ओएससीई बाकी. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सरशिप आवश्यक.' आकडे अर्थात तुझे खरे घाल, कारण मुलाखतीत त्यांच्यावरच प्रश्न येतात. हेच इंग्रजीत लिहिताना 'आय' नं वाक्य सुरू केलं नाहीस तरी चालतं.

शेवटची दोन वाक्यं वगळू नकोस. ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच होते, त्यामुळे तू नेमकी कुठल्या टप्प्यावर आहेस यावर घेणाऱ्याचं पुढचं गणित ठरतं. एनएमसीचा पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत तिथली 'रजिस्टर्ड नर्स' असल्यासारखं मात्र लिहू नकोस. नोंदणी कुठली, ते स्पष्ट हवं. आणि पद 'स्टाफ नर्स'च ठेव. आपल्याकडे सगळेच सिस्टर म्हणतात, पण तिकडे सिस्टर हे वरिष्ठ पद आहे.

आखातातही अर्ज करणार असशील तर वेगळी फाइल ठेव. तिथे फोटो, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख बऱ्याचदा मागतात.