हरवलेल्या बाटलीचा निरोप

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. वर्गाच्या गटावर टाकण्यापूर्वी तू दाखवलेला मजकूर वाचला : ‘काल माझी बॉटल हरवली बेंचवर ठेवली होती ते निळ्या कलरचे आहे कोणी घेतली असेल त्याने दया.’

यातील ‘निळ्या’ हाच शब्द सर्वांत आधी तपासावा, असे मला वाटते. तू बोलताना सांगितलेस, की बाटली स्टीलची असून फक्त तिचे झाकण निळे आहे. तुझा निरोप वाचणारा मात्र निळी बाटली शोधेल आणि तुझी बाटली समोर असूनही ती बाजूला सारून पुढे जाईल. शिवाय निळ्या झाकणाच्या बाटल्या वर्गात अनेकांकडे असतात; तेव्हा तळाशी आलेला पोचा, जो तुला क्षुल्लक वाटला, तोच तुझी बाटली इतरांपासून वेगळी काढणारी खूण आहे.

‘काल’ हा शब्दही टाळावा, कारण निरोप कोणी दोन दिवसांनी वाचला, तर त्याचा काल वेगळा असेल. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिही. ‘कोणी घेतली असेल’ असे म्हटले, की चुकून बाटली नेणाराही चोर ठरण्याच्या भीतीने गप्प बसतो. (आणि अशा बाटल्या बहुधा चुकूनच जातात.)

भाषेच्या चुका थोड्याच आहेत. बाटली स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘ते निळ्या कलरचे’ चालणार नाही. झाकण मात्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘तिचे झाकण निळे’. ‘द्या’मधला द अर्धा टंकला नाही, तर ‘दया’ उमटते आणि निरोप बाटलीऐवजी करुणा मागू लागतो. दोन वाक्यांमध्ये पूर्णविरामही हवा.

मी तो असा लिहीन :

‘नमस्कार. मंगळवार, ८ जुलै रोजी खेळाच्या तासानंतर माझी पाण्याची बाटली जागेवर सापडली नाही. ती स्टीलची असून तिचे झाकण निळे आहे आणि तळाशी पोचा आलेला आहे. तासाला जाण्यापूर्वी मी ती खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर ठेवली होती. ती चुकून कोणाच्या दप्तरात गेली असल्यास कृपया मला स्वतंत्र निरोप पाठवावा.’

खाली तुझे पूर्ण नाव लिही, कारण ज्यांनी तुझा क्रमांक साठवलेला नाही, त्यांना नुसत्या आकड्यांवरून तू कोण हे कळणार नाही. बाटलीचे जुने छायाचित्र असेल तर जोड, पण त्यात दुसरा विद्यार्थी दिसत असेल तर तेवढा भाग कापून टाक. स्वतंत्र निरोप मागण्याचे कारण एवढेच, की ‘माझ्याकडे नाही’ अशा उत्तरांच्या रांगेत गृहपाठाची सूचना वर सरकून जाते.

बाटली मिळाली, की त्याच निरोपाला उत्तर म्हणून ‘बाटली मिळाली, आभारी आहे’ असे लिही, म्हणजे इतरांचे शोधणे थांबेल.

तुझा,
मार्गदर्शक