ब्राइटनिंग सीरमचं लेबल कसं वाचायचं

अल्फा आर्ब्युटिन आणि कोजिक अ‍ॅसिड त्वचेचं रंगद्रव्य मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतात. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड रंगपेशींना चेतवणारा इशाराच कमी करतं, म्हणून वांगासाठी आधी ते बघ. साधारण ३ टक्के पुरे.

बाटली उलटी करून घटकांची यादी वाच. जास्त प्रमाणाचा घटक यादीत आधी येतो. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह सहसा १ टक्क्याच्या आतच असतं. समोर ‘२% अल्फा आर्ब्युटिन’ आणि यादीत ते फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली, तर हिशेब जुळत नाही. नुसतं ‘आर्ब्युटिन’ असेल तर तो बहुधा कमी प्रभावी बीटा प्रकार.

कोजिक १ टक्क्यापर्यंतच घे, जास्तीने चुरचुरतं. पारदर्शक बाटलीत ते तपकिरी पडतं. रंग गडद झाला की समज, ऑक्सिडाइझ झालंय. ‘कोजिक डायपाल्मिटेट’ टिकाऊ खरं, पण कोजिक नव्हे. आणि सकाळी सनस्क्रीन नसेल तर तिन्ही वाया.