पंपाच्या काउंटरवरचे 38

“लेकरू तीन महिन्यांपासून बरं आहे, मॅडम. तरी डॉक्टरांनी मध्यम डोस चालू ठेवलाय. उंची खुंटते म्हणतेत. आता अर्धा केला तर चालंल का?”

लातूरच्या बालरुग्ण बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. या ताईंचा मुलगा 8 वर्षांचा होता. त्याला दम्यासाठी फ्लुटिकासोन या श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचे 50 मायक्रोग्रॅमचे दोन पफ सकाळी आणि दोन संध्याकाळी, म्हणजे दिवसाला 200, पंपाला जोडायच्या स्पेसर नळीतून लिहून दिले होते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी या औषधाचा 50 ते 100 हा कमी डोस मानतात आणि त्यापुढे 200 पर्यंत मध्यम. ब्युडेसोनाइड या तशाच दुसऱ्या औषधाच्या पावडरीचे हेच आकडे दुप्पट असल्यामुळे शेजारच्या मुलाच्या पंपावरील आकड्याशी तुलना करणे व्यर्थ असते.

मी उत्तर देण्याआधी पंप मागितला. (हातात पंप घेतल्याशिवाय डोसविषयी बोलायचे नाही, हा माझा जुना हट्ट आहे.) पंप 120 पफचा होता, बिलानुसार 41 दिवसांपूर्वी सुरू केलेला, आणि उरलेले पफ दाखवणाऱ्या त्याच्या काउंटरवर 38 उरले होते. रोज चार पफ घेतले असते, तर तो महिन्यातच संपला असता. 82 पफ, 41 दिवस.

“ताई, रोज दोनच होतात का?”

त्या क्षणभर गप्प राहिल्या. “संध्याकाळी तो खेळत असतो, बराच असतो. मग राहून जातं.”

मुलगा कागदावरच्या मध्यम डोसवर नव्हे, तर प्रत्यक्षात 100 च्या कमी डोसवर बरा राहिला होता. आम्ही न मोजता ‘अर्धा करा’ म्हटले असते, तर घरी त्याचाही अर्धा झाला असता, आणि तोही सोयाबीनच्या मळणीची धूळ उडत असताना. रात्रीचा खोकला, आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागणारा आराम देणारा पंप किंवा धावताना थांबावे लागणे यांपैकी काहीही नाही, याची खात्री करून डॉक्टरांनी सकाळी एक आणि संध्याकाळी एक पफ असे लिहिले. पुढची कपात सर्दीचा हंगाम सरल्यावर, फेब्रुवारीत करायची ठरली.

उंचीची भीती निराधार नाही. दिवसाला 400 ब्युडेसोनाइड काही वर्षे घेतलेल्या मुलांची प्रौढ उंची सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी भरल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने 2012 साली दाखवले, मात्र ही तूट मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतील होती आणि पुढे वाढत गेली नाही. दमा आटोक्यात ठेवणारा सर्वांत कमी डोस शोधायचा तो यासाठीच, आणि तो शोधताना औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही.

नव्या पंपाच्या 45 व्या दिवशी ताई आल्या, तेव्हा मी विचारण्याआधीच त्यांनी काउंटर माझ्यासमोर धरला. त्यावर 30 होते.