१५ ऑगस्टच्या शुभेच्छांमध्ये दुकानाची जाहिरात वाटू नये, यासाठी काय लिहावं?

प्रश्न: आमचं रंगांचं दुकान आहे. स्वातंत्र्यदिनाला फेसबुक पेजवर आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला शुभेच्छा टाकायच्या आहेत. सूट, ऑफर काही नको, पण पोस्ट कोरडीही वाटायला नको. मजकूर सुचवाल का?

उत्तर: मी छोट्या व्यावसायिकांसाठी असे मजकूर लिहून देतो. रंगांच्या दुकानाला या दिवशी एक मोह हमखास होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन डबे एकावर एक रचायचे आणि चक्राच्या जागी दुकानाचा लोगो ठेवायचा. सोबत साधारण असा मजकूर असतो:

"देशाला रंग स्वातंत्र्याचे, घराला रंग आमचे! सर्व ग्राहकांना स्वातंत्र्यदिनाच्या रंगीत शुभेच्छा. अधिक माहितीसाठी संपर्क करा."

यात कुठेही सूट नाही, तरीही ही पूर्ण जाहिरात आहे. पहिल्या ओळीत स्वातंत्र्याला आणि तुमच्या मालाला एकाच मापाने मोजलंय. "रंगीत शुभेच्छा" ही कोटी आहे आणि ती पुन्हा मालाकडेच बोट दाखवते. शेवटच्या ओळीत वाचकाला दुकानात बोलावलंय. विक्री फक्त "१५ टक्के सूट" या शब्दांतून येते असं नाही, ती अशा कोट्यांतूनही येते. गळतीपासून आझादी, कर्जापासून आझादी, जुन्या भिंतींपासून आझादी अशा ओळी दरवर्षी दिसतात आणि मला त्या मनापासून खटकतात. ज्या शब्दासाठी माणसं फासावर गेली, तो शब्द गळक्या भिंतीला लावायचा नाही.

चित्राबद्दल तर नियमच आहे. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार राष्ट्रध्वज कोणत्याही स्वरूपात जाहिरातीसाठी वापरता येत नाही आणि त्यावर अक्षरं लिहिता येत नाहीत. म्हणजे झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर दुकानाचं नाव किंवा चक्राच्या जागी लोगो चालणार नाही. १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धचा कायदाही आहे. त्याच्या यादीत राष्ट्रध्वजाबरोबर छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू यांची नावं आणि चित्रंही येतात. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती व्यापारासाठी वापरायला मनाई आहे. म्हणून महापुरुषाच्या फोटोखाली दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर ही रचना टाळाच.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानासाठी मी फडकत्या झेंड्याचं चित्र घेतलं आणि हिरव्या पट्ट्यावर फोन नंबर टाकला. खाली जागा रिकामी दिसत होती, एवढंच त्यामागचं कारण. एका निवृत्त शिक्षकांनी कमेंटमध्ये शांतपणे लिहिलं, "झेंड्यावर काही लिहीत नाहीत." पोस्ट लगेच काढली, पण ते वाक्य अजून लक्षात आहे. तेव्हापासून मी झेंडा घेतला तर चित्र पूर्ण मोकळं ठेवतो. केशरी वर, हिरवा खाली, निळ्या चक्राला २४ आरे, लांबी-उंचीचं प्रमाण ३:२, आणि चौकोनी पोस्टमध्ये बसवण्यासाठी कडा कापायच्या नाहीत. दुकानाचं नाव चित्रात नाही, मजकुराच्या शेवटी येतं.

आता मजकूर. तुमच्या दुकानासाठी मी असा लिहीन:

"भारतीय स्वातंत्र्यदिनाच्या हार्दिक शुभेच्छा.
ज्यांनी तुरुंगवास सोसला, ज्यांनी प्राण दिले आणि ज्यांची नावं कुठल्याच फलकावर आली नाहीत, त्या सर्वांना विनम्र अभिवादन.
आज सकाळी आम्ही सगळे शाळेच्या झेंडावंदनाला आहोत. तिथे भेटू."

आणि खाली फक्त दुकानाचं नाव. "ग्राहकांना" हा शब्द मी मुद्दाम घेतलेला नाही. या दिवशी समोरचा माणूस ग्राहक म्हणून वाचत नसतो, आणि "आमच्या सर्व ग्राहकांना" म्हटलं की जो तुमच्याकडून काही घेत नाही तो आपोआप वगळला जातो. मजकुरातला कोरडेपणा जातो तो तिसऱ्या ओळीने, कारण ती तुमची आहे, दुसऱ्या कोणाच्या पोस्टवर चिकटवता येणार नाही. मात्र ती खरी असेल तरच ठेवा. झेंडावंदनाला जाणार नसाल तर ती ओळ काढा, पहिल्या दोन पुरेशा आहेत.

तिच्या जागी तुमच्या जिल्ह्यातल्या हुतात्म्यांची आठवणही ठेवता येईल. सोलापूरचं दुकान असेल तर १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा, नंदुरबारचं असेल तर १९४२ च्या आंदोलनात गोळीबारात गेलेला शाळकरी शिरीषकुमार. एक नाव, एक साल आणि एक वाक्य बस. स्मारकावरचा मजकूर प्रत्यक्ष वाचून मगच नाव लिहा, फॉरवर्डवरून नको. चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं हुतात्म्याचं नाव फार लागतं. नेत्यांची म्हणून फिरणारी वचनंही मी याच कारणासाठी वापरत नाही, निम्म्या वेळा ती कुणाची हेच कळत नाही.

कितवा स्वातंत्र्यदिन हे लिहिणार असाल तर मोजणी नीट करा. १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला दिवस धरला जातो, म्हणून सालातून १९४६ वजा करायचे. २०२५ चा ७९वा होता, २०२६ चा ८०वा. "वर्धापनदिन" शब्द घेतलात तर आकडा एकाने कमी येतो, कारण तो पूर्ण झालेली वर्षं मोजतो. या दोन शब्दांच्या घोळात बरेच फलक चुकतात. आकडा न टाकणं हाही चांगला पर्याय. शुद्धलेखनात "स्वातंत्र्य" मधला शेवटचा 'य' गळतो, तेवढं पाहा.

दुकान बंद राहणार असेल तर ती सूचना १४ तारखेलाच वेगळी द्या. ती सोयीची माहिती आहे, त्यात गैर काही नाही, पण शुभेच्छांच्या पोटात ठेवली की पोस्टचं लक्ष पुन्हा दुकानाकडे वळतं. पोस्ट सकाळी लवकर, झेंडावंदनाच्या आधी टाका. पैसे देऊन ती जास्त लोकांपर्यंत पोहोचवू नका, कारण तसं केलं की तिच्यावर प्रायोजित असं लिहून येतं आणि मेसेजचं बटण लागू शकतं. मग तुम्ही कितीही जपून लिहिलेलं असलं तरी ती जाहिरात म्हणूनच दिसते.

कमेंटमध्ये कोणीतरी "आज ऑफर आहे का?" असं विचारेलच. उघड उत्तर देताना फक्त "आपल्यालाही स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, उद्या सकाळी फोन करतो" एवढं लिहा आणि दुसऱ्या दिवशी खरंच फोन करा. ऑफर असेलच तर ती १७ किंवा १८ तारखेला, वेगळ्या पोस्टमध्ये, तिरंगी रंग न वापरता द्या.